पाचशेपैकी ३८५
आज कॉलेजात अकरावीचे अर्ज तपासत होते. बाहेर धो धो पाऊस. हर्णैहून एका मुलाने गुणपत्रिकेचा फोटो पाठवला होता. फोटो धूसर होता, पण त्यावरून संशय घेत नाही. व्हॉट्सॲपवर फिरलेला फोटो धूसर होतोच. मी आधी बेरीज करते.

मराठी ८१, हिंदी ७८, इंग्रजी ६२, गणित ८४, विज्ञान ५८, सामाजिक शास्त्रे ७६. दहावीची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर काढतात. विज्ञान सोडलं की ३८१ होतात. कागदावर मात्र ३८५, म्हणजे ७७ टक्के.

चार गुण कुठून आले? बराच वेळ बघत बसले, मग कळलं. मूळ गणित ५४ असणार. तेव्हा तोच सर्वांत कमी गुणांचा विषय, म्हणून तो बेरजेतच नव्हता. एकूण ३५५. कोणीतरी ५४ चे ८४ केले आणि एकूणातही सरळ तीस मिळवले, पण आता विज्ञान बाहेर पडतं हे विसरलं.

मग फोटो मोठा केला. कागदाची आडवी घडी त्या ओळीतून जात होती, फक्त '८४' वर ती पुसलेली. अक्षरी गुणांतही 'EIGHTY' शेजारच्या शब्दांपेक्षा ठळक.

तरी फोटोवरून कोणाला खोटं ठरवत नाही. मुलाला वडिलांसोबत बोलावलं, त्याच्याच डिजिलॉकरमधून गुणपत्रिका उघडायला लावली. गणित ५४, एकूण ३५५.

वडील गप्पच झाले. मुलगा रडत म्हणाला, "मॅडम, मित्रांबरोबर सायन्सला जायचं होतं." मी कोरा अर्ज पुढे ठेवला, पाणी दिलं. ७१ टक्क्यांचा अर्ज त्याने तिथेच बसून भरला.