सदतीस मिनिटं होती, तरी

«ताई, एका ओळीची तर चूक होती आणि सदतीस मिनिटं हातात होती. मग दुसरा प्रॉब्लेम अकरा टेस्ट केसेसवर सोडून तिसऱ्याकडे काहून गेल्या तुम्ही?»

एका ओळीची चूक होती हे आज सगळ्यांना माहीत आहे. मलाही आहे. कंपनीच्या त्या ऑनलाइन कोडिंग परीक्षेच्या दिवशी खोलीत ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि हे एवढं बोलून माझं उत्तर संपायला हवं. पण संपत नाही. कॉलेजच्या ज्युनिअर्सना ही गोष्ट कुणीतरी सांगितलेली असते, दरवर्षी नवी बॅच येते आणि नव्याने तोच प्रश्न. शेवटी माझी रूममेट मध्ये येतेच. तिने दुसरा प्रॉब्लेम धरून ठेवला, पूर्ण केला, तिसरा उघडलाच नाही, आणि इंटरव्ह्यूचा फोन तिला आला. मला नाही. यावरून सगळे जो निष्कर्ष काढतात, तो मला मान्य नाही.

मे महिना, बजाजनगरची खोली. परीक्षेत कॅमेरा आणि माइक चालू ठेवायचा होता आणि आवाज आला की स्क्रीनवर सूचना येत होती, म्हणून कूलर बंद. नागपुरात मे महिन्यात दुपारी कूलर बंद करून नव्वद मिनिटं बसणं काय असतं, ते मी समजावत बसत नाही. रूममेट खाली काकूंच्या हॉलमध्ये बसली होती.

तीन प्रॉब्लेम होते. मी आधी तिन्ही वाचले, त्यात सहा मिनिटं गेली. पहिला सोपा होता, सरळ सांगितलं तसं लिहायचं. दुसऱ्यात आकड्यांची एक ओळ आणि एक `k`. सलग तुकडे असे किती, ज्यांची बेरीज `k` ने पूर्ण भागली जाते. तिसऱ्यात तितकीच माणसं आणि तितकीच कामं, प्रत्येक जोडीचा खर्च दिलेला, एकूण खर्च कमीत कमी करायचा. तिसऱ्याच्या खाली लिहिलं होतं, `n` जास्तीत जास्त 16. हा आकडा नुसती मर्यादा सांगत नाही, उत्तराकडे बोट दाखवतो. सगळ्या वाटण्या तपासायच्या तर 16 चं फॅक्टोरियल, म्हणजे वीस लाख कोटींच्या घरात; ते कुठल्याच साध्या मशीनवर दोन सेकंदांत होत नाही. पण कुठली कामं वाटून झाली हे सोळा बिट्सच्या एका आकड्यात ठेवलं की अवस्था फक्त 65,536 उरतात, आणि प्रत्येकीत सोळा पर्याय. साधारण साडेदहा लाख पायऱ्या, चुटकीसरशी होतात. म्हणजे परीक्षेच्या सहाव्या मिनिटालाच मला माहीत होतं की तिसरा येतो, फक्त लिहायला वीस-पंचवीस मिनिटं लागतील. प्रश्न विचारणारे नेमकं हेच विसरतात. त्यांना वाटतं, मी अंधारात उडी मारली.

दुसराही येत होता. सुरुवातीपासूनची बेरीज करत जायची, तिची `k` ने येणारी बाकी नोंदवायची, आणि तीच बाकी आधी जितक्या वेळा आली तितके तुकडे मोजायचे.

```cpp
int ans = 0;
long long p = 0;
unordered_map<long long, int> cnt;
cnt[0] = 1;
for (int x : a) {
    p = (p + x) % k;
    ans += cnt[p]++;
}
```

समोर दिसणारे दोन्ही नमुने पास झाले. सबमिट केलं, पंधरा टेस्ट केसेसपैकी नऊ पास. बाकी सहा ठिकाणी चुकीचं उत्तर. या प्लॅटफॉर्मवर कुठली केस पडली त्याचा क्रमांक आणि कारण दिसत होतं, आतला डेटा नाही.

आता इथे थांबून सांगते, कारण वेळेचं सगळं गणित इथे आहे. पडलेली केस काय म्हणून पडली, त्यावरून ती दुरुस्त करायला किती वेळ लागेल याचा अंदाज येतो. वेळ संपला असं कारण असेल आणि `n` एक लाख असताना तुम्ही दोन लूप एकात एक घातलेले असतील, तर पाच अब्जांच्या आसपास जोड्या तपासणं चाललंय. तिथे इकडचं तिकडे करून काही होत नाही, पद्धतच बदलावी लागते. नवी पद्धत डोक्यात असेल तर बसा, नसेल तर ते गुण सोडा आणि उठा. चुकीचं उत्तर आलं तर गोष्ट वेगळी. बहुतेक केसेस पास आणि थोड्या चुकतायत, म्हणजे पद्धत बहुधा बरोबर आहे आणि एखादा कोपरा सुटलाय. कोपरा दोन मिनिटांत सापडतो, नाहीतर तासभर सापडत नाही. मधलं काही नसतं. म्हणून अशा ठिकाणी मी ठरलेल्या चार गोष्टी पाहते: आकडा मावतोय का, ऋण आहेत का, एकच घटक असला तर काय, सगळे सारखे असले तर काय. तेवढं झालं की उठायचं.

पहिली गोष्ट लगेच सापडली. `ans` हा `int` होता. एक लाख घटक आणि `k` एक असेल तर प्रत्येक तुकडा चालतो, म्हणजे 5,00,00,50,000 तुकडे. `int` मध्ये 2,14,74,83,647 च्या वर मावत नाही. `long long` केलं, नवाचे अकरा झाले. चार उरल्या. एका घटकाचं पाहिलं, ठीक. सगळे शून्य टाकून पाहिलं, ठीक. आणि ऋण आकडे? ते मी «पाहिले». म्हणजे बेरीज ऋण झाली तरी चालते असं मनात म्हटलं आणि पुढे गेले. घड्याळात सदतीस मिनिटं उरली होती. मी तिसरा उघडला.

सहा मिनिटं राहिली असताना तिसरा पंधराच्या पंधरा पास झाला.

आता ती ओळ. सी प्लस प्लसमध्ये ऋण संख्येची बाकी ऋण येते. `k` पाच घ्या आणि आकडे फक्त दोन, 2 आणि -5. दुसरा आकडा एकटाच पाचने भागला जातो, म्हणून उत्तर एक. माझ्या कोडमध्ये पहिल्यानंतर बाकी 2. दुसऱ्यानंतर बेरीज -3, आणि तिची बाकी -3 अशीच राहते. खरं तर -3 आणि 2 हे पाचच्या हिशेबात एकच घर आहे, पण नोंदीत दोन वेगळी घरं झाली. उत्तर शून्य. मॅपऐवजी साधा अ‍ॅरे वापरला असता तर -3 हा इंडेक्स गेल्यावर प्रोग्रॅम कदाचित धडपडला असता आणि स्क्रीनवर वेगळंच कारण दिसलं असतं. मॅपने गप्प बसून चुकीचं मोजलं. दुरुस्ती अशी:

```cpp
p = ((p + x) % k + k) % k;
```

पायथनमध्ये हा प्रश्नच येत नाही, तिथे `-3 % 5` चं उत्तर 2 येतं. रूममेट पायथनमध्ये लिहीत होती. तिला हे कोडं कधी पडलंच नाही. तिचा वेळ दुसरीकडेच गेला. आधी तिने दोन लूप लिहिले, मोठ्या केसेसना वेळ संपला, मग बसून बाकीची युक्ती शोधून काढली. तेव्हा «ती चिकटून राहिली म्हणून जिंकली» हे म्हणताना लक्षात घ्या, तिची अडचण आणि माझी अडचण एका जातीची नव्हती.

आणि गुणांचं बोलायचं तर प्रत्येक केसला गुण असतील तर माझे दोन पूर्ण आणि एक अकरा पंधरांश. पूर्ण सुटलेलेच धरणार असतील तर माझेही दोन, तिचेही दोन. कुठल्याही हिशेबात मी तिच्या मागे नव्हते. मग फोन का नाही आला? सीजीपीए असेल, रेझ्युमे असेल, आणखी काही असेल. कंपनीने कधी सांगितलं नाही. पण दोन निकाल शेजारी ठेवून «तिसरा उघडू नये» असा नियम काढणं म्हणजे माझ्या न आलेल्या फोनचा फुकट क्लास लावणं आहे.

एवढं तावातावाने म्हटल्यावर एक कबूलही करते. त्याच्या आधीच्या वर्षी मी वहीत लिहून ठेवलं होतं, तीन प्रॉब्लेम, प्रत्येकी तीस मिनिटं. त्या मुलीशी मी अजून भांडते. सोप्याला तीस मिनिटं कशाला, आणि अवघड पण ओळखीच्या प्रॉब्लेमला तिसाव्या मिनिटाला का हाकलायचं? पण तिचं एक बरोबर होतं. तिने प्रत्येक प्रॉब्लेमच्या तीस मिनिटांतली शेवटची पाच तपासणीला राखली होती. मी नंतर तो भाग खोडला, कारण तपासणी म्हणजे वेळ वाया असं मला वाटायला लागलं होतं.

परीक्षा झाल्यावर मी तो प्रॉब्लेम आठवून पुन्हा लिहिला. शेजारी दोन लूपचं भाबडं उत्तर लिहिलं, पाच-सहा घटकांचे रँडम अ‍ॅरे दोन्हींना दिले आणि उत्तरं ताडून पाहिली. पहिल्याच काही फेऱ्यांत फरक पडला. हे परीक्षेच्या एडिटरमध्येही करता आलं असतं, दोन्ही फंक्शन एकाच फाइलमध्ये टाकून. आठ-दहा मिनिटांचं काम. आणि गंमत अशी की यातलं भाबडं उत्तर लिहिणं दुय्यम आहे. रँडम आकडे कुठून कुठपर्यंत काढायचे हे लिहायला मर्यादांची ओळ परत वाचावी लागते, आणि त्या ओळीत उणे चिन्ह होतं. दिसणाऱ्या दोन्ही नमुन्यांत एकही ऋण आकडा नव्हता. आता ऑफिसात, मिहानला, मी स्वतः अशा टेस्टसाठी केसेस बनवते. नमुन्यात सरळ आकडे आणि आत ऋण, एकच घटक, सगळे सारखे, सगळ्यात मोठा `n`, असंच आम्ही भरतो. दुष्टपणा म्हणून नाही. नमुना प्रश्न समजावण्यासाठी असतो, तपासायला आतल्या केसेस असतात.

म्हणून सदतीस मिनिटांवर तिसरा उघडणं मला आजही चुकीचं वाटत नाही. पुन्हा तेच करेन. त्याच्याआधीच्या त्या आठ-दहा मिनिटांबद्दल मात्र मला ठामपणे बोलता येत नाही. ती तेव्हा खर्च केली असती तर दुसरा पूर्ण झाला असता, आणि तिसऱ्याला सत्तावीस मिनिटं उरली असती. पुरली असती का? लिहिताना एकदा बिट सरकवण्यात गडबड झाली होती, तीसुद्धा धरली तर सांगता येत नाही.

शेवटच्या सहा मिनिटांत मी दुसऱ्याकडे परत आले आणि काय केलं, तर `unordered_map` काढून `map` टाकला. चुकीच्या उत्तरावर त्याचा शून्य परिणाम होतो, तो वेगाचा इलाज आहे. रूममेटला हे सांगितलं तर ती म्हणते, «अगं, सहा मिनिटांत पण भाबडं उत्तर लिहून झालं असतं.» मी म्हणते, सहा मिनिटांत फक्त मर्यादांची ओळ वाचायची, बाकी काही नाही. त्यावर ती विचारते, «सुरुवातीला वाचली होतीस ना?» वाचली होती.