मे महिन्यातलं तीस लिटर दूध

मे महिना लागला की आमच्या रतिबाची वही रिकामी होत जाते. आमचा गोठा शीळ-डायघरच्या बाजूला आहे आणि दूध जातं दिवा, कळवा, खारेगावात. शाळांना सुट्टी लागली की तिथली निम्मी घरं कोकणात नाहीतर घाटावर निघून जातात. पण म्हशींना कुठे सुट्टी? धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते.

त्या सकाळी तीस लिटर दूध उरलं. फॅट ६.८ होतं. घरपोच आम्ही ८५ रुपये लिटरने देतो. उरलेलं नेणारा व्यापारी एरवी ६५ देतो, पण त्या दिवशी ५८ वर अडून बसला. "सगळीकडेच दूध पडून आहे, वहिनी," एवढंच म्हणाला. सासूबाईंनी कॅन परत आत ओढले आणि मला म्हणाल्या, "दहा-दहाचे तीन वाटे कर. एकदा नीट कळू दे, कशात काय सुटतं ते."

पहिल्या वाट्याचं पनीर केलं. कळव्याच्या एका केटररकडे लग्नाची ऑर्डर होती, त्याला आधी फोन लावला. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय मी दूध फाडत नाही. दूध ९० अंशांपर्यंत तापवून ७५ वर येऊ दिलं, मग लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने सायट्रिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून बारीक धारेने सोडलं. उकळत्या दुधात ओतलं तर पनीर रबरासारखं होतं. सगळं लक्ष सुटणाऱ्या पाण्यावर ठेवायचं. पाणी हिरवट-पिवळं आणि नितळ दिसलं की थांबायचं, दुधाळ दिसलं तर आपलाच माल पाण्यात चाललाय असं समजायचं. दुसऱ्या पातेल्यात ते दुधाळ राहिलं, म्हणून आणखी थोडं ॲसिड घातलं तेव्हा निवळलं. कापडात बांधून वजनाखाली दाबलं आणि नंतर बर्फाच्या पाण्यात ठेवलं. सगळं मिळून दोन किलो शंभर ग्रॅम भरलं. केटररने ३६० च्या भावाने ७५६ रुपये दिले. गॅस, ॲसिड, बर्फ वजा जाता सातशेच्या थोडे वर उरले. व्यापाऱ्याकडून ५८० आले असते. फरक सव्वाशे-दीडशेचा, आणि त्यात माझे दोन तास गेले.

दुसऱ्या वाट्याला विरजण लावलं. दूध तापवताना थोडं आटतं, त्यामुळे साडेनऊ किलो दही झालं. ११० रुपये किलोने सगळं गेलं असतं तर हजाराच्या वर पैसे आले असते, म्हणजे रतिबाच्या भावापेक्षाही जास्त. पण दही घेणारी माणसं तीच, जी गावाला गेली होती. संध्याकाळपर्यंत सहा किलो खपलं, ६६० रुपये आले. मेच्या उकाड्यात उरलेलं दही रात्रीपर्यंत आंबट होणार हे दिसत होतं, म्हणून त्याचं लगेच ताक केलं आणि रिक्षा स्टँडवर विकलं. ते पैसे किरकोळच.

तिसरा वाटा तुपाचा. त्याचा आकडा नंतर कळला, कारण साय विरजायची, लोणी काढायचं, मग कढवायचं. दहा लिटरमध्ये सुमारे सातशे ग्रॅम फॅट असतं, पण हाताने साय काढली तर सगळं वर येत नाही, बरंच दुधातच राहतं. तूप भरलं साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. आठशे रुपये किलोने ३६० रुपये. नुसतं तूप धरलं तर व्यापाऱ्याच्या भावापेक्षाही हे कमी. गणित जमतं ते खाली राहिलेल्या नऊ लिटर दुधाचं काय करता यावर. त्याचंही दही लागतं, पण पातळ. आम्ही ते ७० रुपयांनी दिलं आणि प्रत्येकाला साय काढलेलं आहे असं सांगून दिलं. न सांगता पूर्ण दुधाच्या भावात देणारे आहेत, मला ती फसवणूक वाटते. सांगितल्यावर काहींनी नको म्हटलं. तरी तूप आणि दही मिळून पैसे पनीरच्या जवळपास आले.

सासूबाईंचं मत तुपाच्या बाजूने पडलं, कारण ते महिनोन्‌महिने टिकतं आणि गणपतीत मागणी वाढते. माझं मत वेगळं आहे. ८५ रुपयांनी दूध जात असेल तर त्याला हात लावू नये. घट्ट दही तेवढं त्याच्या पुढे जातं, पण तेही आदल्या रात्री मागणी आली असेल तेवढंच. व्यापाऱ्याच्या ५८ शी तुलना असेल तेव्हा पनीर, आणि तेही गिऱ्हाईक हातात असताना. मग जे उरेल त्याची साय काढायची. विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी हवीच, ती आम्ही आधीच केली आहे.

आता मे महिन्यात रात्री नऊपर्यंत दह्याची मागणी फोनवर घेते आणि सकाळच्या धारेतून तेवढंच दूध बाजूला काढते.