नाववही: ब्राह्मीची ओळ सुटली, एकीच्या दोन झाल्या

मंडळी, बहाव्यानंतर शंखपुष्पी घेणार असं मागच्या नोंदीत म्हटलं होतं. ती पुढे ढकलते आहे, कारण कुंडीतल्या नीरब्राह्मीला अखेर फूल आलं. त्या फुलामुळे, झाडांची वेगवेगळ्या भाषांतली नावं जुळवायच्या माझ्या नाववहीत कधीपासून अडकून पडलेली ब्राह्मीची ओळ सुटली.

बहाव्याचं काम सोपं होतं. हिंदीत अमलतास, गुजरातीत गरमाळो, कन्नडमध्ये कक्के, मल्याळममध्ये कणिकोन्ना, तेलुगूत रेला, बंगालीत सोनालु. नावं कितीही असली तरी कोणालाही विचारा, बोट त्याच पिवळ्या झुंबरांकडे जातं आणि सगळी नावं कॅशिया फिस्टुलाच्या ओळीत मुकाट्याने बसतात. ब्राह्मीचं तसं नाही. तिथे एका झाडाला अनेक नावं आहेतच, शिवाय त्यातलं एक नाव दोन वेगळ्या झाडांवर बसलं आहे. त्यामुळे नावावरून ओळ लावायला घेतली की केरळ आणि कोकण एका रकान्यात येतात आणि झाडं मात्र वेगळी निघतात.

आपल्याकडे परसात, माडाच्या आळ्यात, ओलसर जागी पसरणारी, गोल पानांची जी ब्राह्मी आहे, जिची पानं तेलात घालतात आणि चटणीतही वाटतात, ती सेंटेला एशियाटिका. गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली. तिचं मराठी पुस्तकी नाव कारिवणा, गोव्यात आणि दक्षिण कोकणात एकपानी. कर्नाटकात ओंदेलग, तुळूत तिमरे, तमिळमध्ये वल्लारै, तेलुगूत सरस्वती आकु, मल्याळममध्ये कुडंगल किंवा मुत्तिल, बंगालीत थानकुनी, ओडियात थालकुडी, मणिपुरीत पेरुक. संस्कृत मंडूकपर्णी. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

आता केरळमधल्या माणसाला ब्राह्मी दाखवायला सांगा. तो पाणथळ जागेतली, जमिनीलगत सरपटणारी, बारीक मांसल पानांची कडू वनस्पती दाखवेल. ती बकोपा मोनिएरी, आपण जिला नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी म्हणतो. बंगालमध्ये ब्राह्मी शाक म्हणून विकतात तीही हीच. उलट हरिद्वारकडे ब्राह्मी म्हणून बऱ्याचदा सेंटेला हातात पडते. म्हणजे नुसता 'ब्राह्मी' हा शब्द नकाशावर मांडला तर तो कुठे एका झाडावर तर कुठे दुसऱ्यावर बसतो, आणि भाषेची सीमा पाहून ते ठरवता येत नाही.

आणि नर्सऱ्यांनी यात तिसरं झाड आणून ठेवलं आहे. शहरातल्या एका नर्सरीतून 'ब्राह्मी' अशी चिठ्ठी लावलेली कुंडी आणली. पानं गोल, चकचकीत, नाण्यासारखी, पण देठ पानाच्या मधोमध खालून चिकटलेला. ती हायड्रोकोटाइल, शोभेसाठी तळ्यात लावतात ती. सेंटेलाचं पान मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं, एका बाजूला खाच असते आणि देठ त्या खाचेत येऊन मिळतो. पान उलटं करून देठ कुठे चिकटला आहे ते पाहिलं तर ही दोन झाडं कधीच एक वाटणार नाहीत. त्यामुळे माझं ठाम मत आहे की नाववहीसाठी नमुना नर्सरीच्या चिठ्ठीवरून घेऊ नये. जो माणूस ते नाव रोज वापरतो त्याने ते झाड हातात देऊन सांगितलं पाहिजे.

आता फुलाचं. नीरब्राह्मीचं रोप माझ्याकडे होतं, पण पानांवरून पुढे जायची माझी तयारी नव्हती. पाणथळीत बारीक मांसल पानांची सरपटी झाडं पुष्कळ असतात, आणि घोळीच्या जातभाईंचीही पानं अशीच दिसतात. फूल आल्यावर दहापट भिंगाखाली पाहिलं: पानाच्या बगलेतून एकेकटं, लांब देठावर, पांढरं आणि किंचित जांभळट, पाच पाकळ्या खाली जुळून नळी झालेली, चार पुंकेसर, त्यात दोन लांब आणि दोन आखूड. पुष्पकोशाची पाच दलं सारखी नाहीत, बाहेरचं दल रुंद, आतली अरुंद, आणि कोशाच्या अगदी खाली दोन चिमुकली सूत्रासारखी पत्रकं. ती दोन पत्रकं दिसली तेव्हा झालेला आनंद तुम्हालाच कळेल. ओळखसूचीत तीच विचारलेली असतात आणि मोबाइलच्या फोटोत ती कधीच येत नाहीत. भिंग साधं चालेल, पण काच खरी हवी. प्लास्टिकच्या भिंगात कडा इंद्रधनुषी दिसतात आणि केस आणि पत्रक यांतला फरकच समजत नाही.

सेंटेलाचं फूल याहून वेगळं, आणि शोधावं लागतं. पानांच्या पुंजक्यात, जमिनीलगत, आखूड दांड्यावर दोन-चार लालसर बारीक फुलं एका छोट्या छत्रीत असतात. फळ चपटं, त्यावर जाळीसारख्या शिरा. इतकं पाहिलं की कूळही वेगळं आणि प्रजातीही वेगळी हे वादातीत होतं.

झाड ठरलं, तरी शास्त्रीय नाव जुळवायचं राहतंच, कारण शास्त्रीय नावंही बदललेली आहेत. जुन्या पुस्तकात हायड्रोकोटाइल एशियाटिका दिसलं की ते नर्सरीतलं झाड समजू नका. लिनियसने 1753 मध्ये आपल्या एकपानीला हेच नाव दिलं होतं. 1879 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ अर्बनने तिला सेंटेला प्रजातीत हलवलं, तेही ब्राझीलच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात, कारण ही प्रजात त्याला तिथे मांडायची होती. म्हणून आजच्या नावामागे कंसात लिनियस आणि कंसाबाहेर अर्बन असतो. कंसातला माणूस मूळ नाव देणारा, बाहेरचा प्रजात बदलणारा. 'एशियाटिका' हा शब्द मात्र दोन्हीकडे तोच राहिला, आणि मूळ नमुनाही तोच.

बकोपाचा प्रवास जास्त वळणांचा आहे. 1756 मध्ये लिनियसने तिला लायसिमाकिया मोनिएरी म्हटलं, मग ती ग्रॅटिओला झाली, हर्पेस्टिस झाली, काही ग्रंथांत मोनिएरा क्युनिफोलिया झाली, आणि 1891 मध्ये वेटस्टाइनने बकोपात आणली. कूळही अलीकडे बदललं, आधी स्क्रोफ्युलॅरिएसी होतं, आता प्लांटॅजिनेसी. आयुर्वेदाच्या जुन्या पुस्तकांत शेवटी मोनिएरा असं लिहिलेलं सापडतं, त्यामुळे स्कॅन केलेल्या ग्रंथांत शोधताना `Bacopa monnieri`, `Bacopa monniera` आणि `Herpestis monniera` अशी तिन्ही रूपं टाकून पाहा. लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाची जालावरची यादी मान्य नाव आणि जुनी नावं एका पानावर देते. त्या यादीवर माझा भरवसा आहे, पण ती शास्त्रीय नावांपुरती. देशी नावं तिथून उचलू नका, ती आपणच शोधायची.

संस्कृतचा प्रश्न वेगळा निघाला. कोशांत ब्राह्मी आणि मंडूकपर्णी पर्याय म्हणून दिलेल्या दिसतात, आणि मग सगळे खांदे उडवतात. पण सुश्रुताच्या चिकित्सास्थानात बुद्धी आणि आयुष्य वाढवणाऱ्या औषधांचा जो अध्याय आहे, त्यात मंडूकपर्णीचा रस आणि ब्राह्मीचा रस दोन वेगळ्या प्रयोगांत येतात. एकाच अध्यायात दोन वेगळे विधी दिले आहेत, म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झाडं दोन होती. आजची सरकारी आयुर्वेदिक औषधसंहिताही ब्राह्मी म्हणजे बकोपा आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला असंच मानते. त्यामुळे बाटलीवरचं 'ब्राह्मी' आणि परसातली 'ब्राह्मी' यांच्यात फरक पडला तर तो बोलीतल्या आणि संहितेतल्या वापराचा फरक आहे. परसातलं नाव चूक आहे असं वहीत कुठेही लिहायचं नाही.

केरळचा पुरावा मात्र सगळ्यात भक्कम आहे. मलबारचा डच गव्हर्नर व्हॅन रीड याचा तिथल्या वनस्पतींवरचा ग्रंथ होर्तुस मलाबारिकुस 1678 ते 1693 या काळात बारा खंडांत छापला गेला. दहाव्या खंडात 'बेआमी' आणि 'कोडागम' अशी दोन वेगळी झाडं वेगळ्या चित्रांसह आहेत. पहिलं बकोपा, दुसरं सेंटेला. म्हणजे मलबारात ब्राह्मी आणि कुडंगल ही जोडी तेव्हापासून वेगवेगळी धरलेली आहे. या ग्रंथाशी आपलं नातंही आहे: कोचीचे कोंकणी वैद्य रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांनी त्यात काम केलं, आणि पहिल्या खंडात त्यांचं नागरी लिपीतलं कोंकणी प्रमाणपत्र छापलेलं आहे. मनिलाल यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर मिळालं तर जरूर चाळा, पण चित्रं मूळ खंडांच्या स्कॅनमध्येच पाहा.

हे लिहिता लिहिताच वहीची रचना बदलायचं ठरवलं. आतापर्यंत ओळ नावाची होती आणि रकान्यात झाडं. आता ओळ दाबलेल्या नमुन्याची असेल, आणि नाव हे त्या नमुन्याबद्दल कोणीतरी केलेलं विधान असेल: कोणत्या गावात, कोणत्या भाषेत, कशासाठी वापरताना. मग 'ब्राह्मी' दोन ओळींत आली तरी काही बिघडत नाही.

विचारायची पद्धतही बदलते आहे. एकच झाड दाखवून नाव विचारलं तर माणूस सौजन्याने काहीतरी सांगतो. आता एका ताटात दोन्ही जिवंत झाडं ठेवून विचारणार की हे काय आणि मग ते काय. एकाच बोलीत दोघींना दोन नावं असतील, जशी बंगालमध्ये थानकुनी आणि ब्राह्मी शाक, तर तो पुरावा शंभर यादींहून मोलाचा. आणखी एक निरीक्षण आहे, पण नियम म्हणून घेऊ नका. पानाच्या रूपावरून पडलेली नावं, एकपानी किंवा ओंदेलग, झाडाला घट्ट धरून राहतात. बुद्धीच्या गुणावरून पडलेली नावं एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पण सरस्वती आकु गुणावरूनच पडलेलं आहे आणि तरी सेंटेलावरच टिकून आहे, म्हणून प्रत्येक नाव तपासायलाच हवं.

नीरब्राह्मी दाबताना एक काळजी घ्या. पानं मांसल असल्यामुळे कागदात ती कित्येक दिवस जिवंत राहते आणि मग काळी पडते. फुलं बाजूला ठेवून फांदी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवा, टिपून घ्या, आणि सुरुवातीचे दिवस टीपकागद रोज बदला. फुलं वेगळ्या पाकिटात किंवा थोड्या स्पिरिटमध्ये ठेवा, नाहीतर पत्रकं हाती लागणार नाहीत.

शंखपुष्पीआधी आता आसामीचा तिढा घेते. तिथे बोर मणिमुनी म्हणजे सेंटेला आणि खोरू मणिमुनी म्हणजे हायड्रोकोटाइल सिब्थॉर्पिऑइडिस, म्हणजे थोरली आणि धाकटी अशी जोडी बोलीनेच लावून ठेवली आहे. विदर्भातल्या आणि खानदेशातल्या मंडळींनी आपल्याकडची ब्राह्मी फुलासकट पाठवावी. देठासकट एक अख्खं पान, मुळं फुटलेला एक पेर, आणि सांगणाऱ्याने ते कशात घालतात हे त्याच्याच शब्दांत.