तीन कोटेशने आणि जाड रेषेखालची ओळ

गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी खरेदी विभागात काम करतो. आमचा जुना कॉम्प्रेसर निकामी झाल्यामुळे 30 किलोवॅटचा नवा स्क्रू एअर कॉम्प्रेसर घ्यायचा होता आणि तो येईपर्यंत आठवड्याला 12,000 रुपये भाड्याने दुसरा चालवावा लागत होता. तिन्ही यंत्रे तांत्रिकदृष्ट्या समान असल्याचे देखभाल विभागाने लिहून दिले होते, त्यामुळे व्यवस्थापकसाहेबांना पाठवायच्या टिपणीत किंमत, पुरवठ्याचा कालावधी आणि अटी एवढ्यांचीच तुलना उरली होती.

कोटेशनांवरचे आकडे मात्र जसेच्या तसे शेजारी मांडता येत नव्हते. पहिल्याने 9,80,000 रुपये दर दिला होता, पण तो त्याच्या कारखान्याच्या दारापर्यंतचा होता; पॅकिंगचे दोन टक्के, वाहतूक, विमा आणि यंत्र बसवून चालू करून देण्याचा खर्च आमच्याकडे होता. दुसऱ्याचे 10,45,000 रुपये हे सर्व धरून होते. तिसऱ्याने 11,91,800 लिहिले होते आणि घाईत पाहणारा त्याला तिथेच बाद करील, परंतु त्यात 18 टक्के जीएसटी मिळवलेला होता. कराची वजावट आम्हाला मिळत असल्याने कर बाजूला काढला, तेव्हा मूळ दर 10,10,000 निघाला. सगळे खर्च मिळवल्यावर यंत्र आमच्याकडे बसून चालू होईपर्यंतची किंमत अनुक्रमे 10,39,600, 10,45,000 आणि 10,48,000 रुपये झाली, म्हणजे तिघांत साडेआठ हजारांचेही अंतर उरले नाही.

त्यानंतर देयकाच्या अटींना पैशाचे रूप दिले. पहिल्याला 40 टक्के आगाऊ आणि उरलेली रक्कम माल निघण्यापूर्वी हवी होती, दुसरा 30 टक्के आगाऊ घेऊन बाकीसाठी माल पोहोचल्यापासून 30 दिवस थांबणार होता, तर तिसऱ्याला संपूर्ण रक्कम आधी हवी होती. माल आल्यानंतरचा तिसावा दिवस आधार धरून, त्याच्या आधी गुंतणाऱ्या रकमेवर वार्षिक 12 टक्के व्याज लावले, तेव्हा पहिल्यावर सुमारे 17,000, दुसऱ्यावर 7,000 आणि तिसऱ्यावर 15,000 रुपये चढले. आता दुसरा सर्वांत स्वस्त ठरला. लेखा विभागाने लगेच सुचवले की त्याची बाकी साठ दिवसांनी द्यावी. परंतु तो नोंदणीकृत लघुउद्योग आहे आणि 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे जाता येत नाही. लहान पुरवठादारांच्या पैशावर आपली शिल्लक सांभाळण्याची ही सवय मला मुळीच मान्य नाही.

खरा पेच कालावधीचा होता. पहिल्याचे ‘सहा ते आठ आठवडे’ आगाऊ रक्कम हाती पडल्यापासून मोजायचे होते, म्हणून मी आठच धरले. दुसऱ्याचे पाच आठवडे ऑर्डरच्या तारखेपासून होते. तिसऱ्याचे यंत्र गोदामात तयार असून दोन आठवड्यांत बसणार होते, पण ‘तोपर्यंत विकले न गेल्यास’ अशी अट खाली बारीक अक्षरांत होती. तेवढ्या काळाचे भाडे मिळवले की एकूण खर्च 11,52,600, 11,12,000 आणि 10,87,000 रुपये होतो, आणि तिसराच स्पष्टपणे पुढे येतो.

लेखाधिकाऱ्यांनी भाडे तक्त्यात घेण्यास हरकत घेतली. यंत्र भांडवली खर्चातून येते, भाडे देखभालीच्या खात्यावर पडते, तेव्हा ते पुरवठादाराच्या किमतीत कसे मिळवायचे, असे त्यांचे म्हणणे होते. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, पण दोन्ही रकमा एकाच कंपनीच्या तिजोरीतून जातात. शेवटी मी एकूण रकमेखाली जाड रेषा ओढली, भाड्याची ओळ तिच्याखाली ठेवली आणि टिपणीत लिहिले: “महोदय, सोबत तिन्ही कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता जोडला आहे. रेषेवरील बेरजेनुसार दुसरा पुरवठादार किफायतशीर आहे. मात्र यंत्र येईपर्यंतचे भाडे विचारात घेतल्यास तिसऱ्याची शिफारस करतो. परंतु यंत्र आपल्यासाठी राखून ठेवल्याचे अनुक्रमांकासह लेखी पत्र मिळाल्याशिवाय रक्कम देऊ नये.”

साहेबांनी रेषेखालचे वाचले आणि तिसऱ्याशी पुन्हा बोलण्यास सांगितले. त्याने अनुक्रमांक लिहून दिला, आमच्या माणसाने गोदामात यंत्र पाहिल्यावर 90 टक्के आणि ते चालू झाल्यावर 10 टक्के घेण्याचे मान्य केले, आणि वॉरंटी माल निघाल्यापासून न धरता यंत्र चालू झाल्यापासून धरली. ऑर्डर त्याच अटींवर गेली.

तरीही तो तक्ता मनातून जात नाही. साहेब जाड रेषेपाशी थांबले असते, तर त्याच कागदाच्या आधारे दुसऱ्याला ऑर्डर गेली असती आणि फाईल निर्दोष दिसली असती. भाड्यासारखा खर्च रेषेच्या वर घ्यावा, असा लेखी प्रस्ताव मी लेखा विभागाला दिला आहे. त्यांची संमती अजून आलेली नाही.