आमची वाटचाल : आठ पानांचा नकार

पुण्याच्या पेठेतील आमचा छापखाना वडिलांनी सुरू केला आणि गेली चौदा वर्षे मी तो पाहतो आहे. या काळात यंत्रे बदलली, प्लेट बनवण्याची पद्धत बदलली. मात्र दिवाळीआधीचे तीन आठवडे होते तसेच राहिले. या दिवसांत ग्राहकाच्या तोंडून हमखास निघणारे वाक्य म्हणजे, ‘एवढं एक शेवटचं करून द्या.’ या वाक्याला उत्तर कसे द्यायचे हे मला बऱ्याच उशिरा कळले.

सुरुवातीला मी सर्वांना ‘बघतो’ म्हणत असे. आपल्याकडे ‘बघतो’ हा होकारच समजला जातो, याचा अनुभव मी एका वर्षी घेतला. एका वार्षिकाची वाढीव पाने रात्रीत छापून, शाई पुरती सुकण्याआधीच घडीला लावली आणि समोरासमोरच्या पानांवर एकमेकांच्या चित्रांचे डाग उतरले. ग्राहकाने माझी तत्परता विसरून डाग तेवढे लक्षात ठेवले, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेलो; एका जुन्या संस्थेला फोनवरच ‘अजिबात जमणार नाही’ असे सुनावले आणि ते काम कायमचे गमावले.

ज्या प्रसंगाने माझी पद्धत बदलली तो एका दिवाळी अंकाचा आहे. संपादक वडिलांच्या वेळचे. मी त्यांना काका म्हणतो आणि ते मला अरे-तुरे करतात. अंक १९२ पानांचा, म्हणजे १६ पानी १२ फर्म्यांचा, प्रती दोन हजार. शनिवारी अंक अप्पा बळवंत चौकातल्या विक्रेत्यांकडे पोहोचवायचा होता. बुधवारी संध्याकाळी, सर्व फर्मे छापून, घड्या घालून झाले असताना आणि सुमारे नऊशे प्रतींची बांधणीही उरकली असताना काकांचा फोन आला. दोन जाहिरातदार उशिरा तयार झाले होते. त्यांची आठ रंगीत पाने अंकाच्या मध्यावर हवी होती, ठरल्या दरात आणि ठरल्या दिवशी.

बाहेरच्या माणसाला ही मागणी किरकोळ वाटेल, आणि छपाईपुरती ती तशी आहेही. आठही पाने चार रंगांच्या चार प्लेटमध्ये बसतात. कागदाच्या एका बाजूला छपाई करून तोच कागद त्याच प्लेटवर उलटवला आणि मधोमध कापला की दोन प्रतींची पाने मिळतात, म्हणजे हजार कागदांत काम होते. अडचण बांधणीत होती. नऊशे प्रतींचे कणे गोंदाने बसले होते, ते उघडता येत नाहीत. उरलेल्या प्रती थांबवायच्या तर आमच्या बाइंडरकडे त्यामागे रांगेत असलेले दुसऱ्या दोघांचे अंकही थांबले असते.

मी फोनवर उत्तर दिले नाही. जाहिरातदार कोण, त्यांना जाहिरात कोणाच्या हातात पडायला हवी आहे आणि फाइल केव्हा तयार होतील, एवढेच विचारले आणि सकाळी दहाला सांगतो म्हणालो. उत्तरांतून कळले की एका जाहिरातदाराचा रविवारी कार्यक्रम होता आणि तेथे वाटण्यासाठी त्याला अंक हवे होते. मागणी आठ पानांची असली तरी गरज रविवारची होती.

वाटाघाटी शिकवणारे लोक ज्याला सकारात्मक नकार म्हणतात, त्याची रचना होकार, नकार, होकार अशी असते. पहिला होकार म्हणजे ग्राहकाची स्तुती, असा माझा अनेक दिवस गैरसमज होता. ‘काका, तुमची अडचण मला कळते, पण...’ असे मी म्हणत असे आणि त्या ‘पण’पाशी आधीचे सगळे पुसले जाई. खरे तर पहिला होकार आपण जे जपतो आहोत त्याला द्यायचा असतो, आणि तेथून नकाराकडे ‘पण’ने न जाता ‘म्हणून’ने जायचे असते. त्या रात्री मी ते वाक्य कागदावर लिहून काढले. काका रागावून पुढच्या वर्षी दुसरीकडे गेले तर काय, हाही हिशोब तेव्हाच केला. त्यांचा अंक आमच्या दिवाळीच्या कामाचा साधारण दहावा भाग होता; तो गेला तर मंदीचे दोन महिने कॅलेंडरांची कामे शोधावी लागली असती, छापखाना बुडाला नसता. हा हिशोब ग्राहकासमोर मांडायचा नसतो, कारण उच्चारताच त्याची धमकी होते. तो मनात असला की आवाज मात्र स्थिर राहतो.

सकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, “काका, शनिवारी तुमचे दोन हजार अंक डाग न पडता, पाने न सुटता चौकात पोहोचावेत आणि माझ्याकडे रांगेत असलेल्या बाकीच्यांना दिलेली तारीखही पाळली जावी, ही माझी जबाबदारी आहे. म्हणून बांधणी सुरू झालेल्या अंकात मी नवी पाने घालणार नाही. जाहिरातींची आठ पानी वेगळी पुरवणी करू. आज बारापर्यंत फाइल आणि प्रूफवर सही मिळाली तर आज छापतो, रात्रभर सुकवतो, उद्या घडी करून दोन पिना मारतो. शनिवारी सहाशे अंकांत पुरवणी घालून देतो, उरलेल्या पुरवण्या सोमवारी विक्रेत्यांकडे पाठवतो. प्लेट, कागद आणि पिनिंगचे बिल वेगळे होईल.”

मी ‘जमणार नाही’ असे न म्हणता ‘घालणार नाही’ असे म्हणालो, ते जाणूनबुजून. ‘जमणार नाही’ म्हटले की समोरचा ते जमवण्याचे उपाय सुचवू लागतो: रात्रपाळी करा, दुसरा बाइंडर बघा, वरचे पैसे घ्या. मग आपण एकेक उपाय खोडत बसतो आणि बोलण्याचा वाद होतो.

काका नाराज झाले. सुटी पुरवणी स्टॉलवर गळून पडते, हे त्यांचे म्हणणे खरेच होते आणि मी ते मान्य केले. मग ते म्हणाले, “तुझ्या वडिलांनी मला कधी नाही म्हटलं नव्हतं.” येथे वडिलांच्या काळाची सफाई देण्याचा मोह मला झाला होता. तो आवरून मी तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणालो. नवे कारण जोडले असते तर पहिले कारण कच्चे होते असा त्याचा अर्थ निघाला असता. थोडा वेळ कोणी बोलले नाही. शेवटी काकूंनी चहा आणला आणि काकांनी जाहिरातदाराला फोन लावला.

रविवारचा कार्यक्रम असलेला जाहिरातदार पुरवणीला तयार झाला. दुसरा मागे हटला. आठाऐवजी चारच पाने छापली आणि ते बिल काकांनी घासाघीस न करता दिले. त्यानंतर जानेवारीपर्यंत त्यांचा फोन आला नाही, हेही सांगायला हवे. पुढल्या जुलैत त्यांनी आणखी एका छापखान्याकडून दर मागवल्याचे मला कळले होते.

ही रचना सगळीकडे चालत नाही. चूक आमची असेल, उदाहरणार्थ पाने मागेपुढे लागली असतील, तर तेथे होकार-नकाराची मांडणी करण्याचा अधिकारच आम्हाला नसतो. मुकाट्याने पुन्हा छापून द्यावे लागते. शेवटचा होकार प्रत्यक्षात पाळता येण्याजोगा नसेल, तर तो ‘बघतो’चाच दुसरा अवतार ठरतो. म्हणूनच त्या रात्री काकांकडे जाण्याआधी मी बाइंडरशी बोलून शुक्रवारची दुपार पक्की करून घेतली होती.

आता आमच्या ऑर्डर फॉर्मवर एक ओळ छापलेली असते: छपाईच्या मंजुरीनंतर येणारी पाने वेगळ्या पुरवणीत, वेगळ्या दराने. ऑगस्टमध्ये काका अंकाचे काम घेऊन आले, तेव्हा त्यांनी ती ओळ चष्मा लावून वाचली, सही केली आणि म्हणाले, “आठ पानांचा कागद आत्ताच धरून ठेव. यंदाही कोणीतरी उशिरा येणारच.”