मान झटकण्याच्या आधीचा क्षण

माझी मान उजवीकडे झटकते, घशातून 'हं' असा आवाज निघतो आणि मी नखंही खातो. घरच्यांच्या लेखी या तिन्ही वाईट खोडीच. न्यूरोलॉजिस्टनी मात्र एकाच प्रश्नावर त्या वेगळ्या केल्या : "हे करायच्या आधी शरीरात काय जाणवतं?"

नखांबद्दल काही सांगताच येईना. कंटाळा आला की हात तोंडाकडे जातो, कुणी टोकलं की थांबतो, थांबल्याने बिघडत काही नाही. मानेचं तसं नाही. कानाखाली एका ठरावीक जागी आधी ताण साचतो, शिंक येण्याआधी नाकात होतं तसा. रोखला तर वाढतच जातो, समोरचा काय बोलतोय तेही कळेनासं होतं. झटका दिला की जरा सुटतो आणि पुन्हा साचू लागतो. कधी एका झटक्याने समाधानच होत नाही. मान आणि आवाज म्हणजे टिक, मनात नसताना पुन्हापुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज; नखं खाणं ही नुसती सवय. टिकच्या आधीची ही ओढ सगळ्यांना जाणवत नाही, लहान मुलांना तर ती सहसा सांगताही येत नाही.

माझ्या या त्रासाचं नाव टुरेट सिंड्रोम, म्हणजे अशा टिक होत राहण्याचा मज्जासंस्थेचा विकार. त्याचं निदान रक्त तपासून किंवा स्कॅन काढून होत नाही. शरीराच्या हालचालींच्या अनेक टिक, आवाजाची किमान एक, सुरुवात वयाच्या 18 वर्षांआधी आणि वर्षाहून जास्त काळ त्रास, हे सगळं माझ्यात होतं. (शिव्या बाहेर पडणं थोड्याच जणांत असतं. माझ्यात नाही.)

मग मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे सीबीआयटी नावाची, टिक आवरायला सरावाने शिकवणारी थेरपी सुरू झाली. सर्वांत त्रासदायक टिक आधी, म्हणून मान. गप्पा मारताना ओढ जाणवली की मी बोट वर करायचं. सुरुवातीला झटका आधी, बोट मागाहून. हळूहळू बोट पुढे आलं.

त्यानंतर खरा उपाय : ओढ आली रे आली की हनुवटी किंचित खाली, नजर समोर, मानेचे स्नायू हलके आवळलेले. असं एक मिनिट, किंवा ओढ ओसरेपर्यंत, यातलं जे जास्त असेल तेवढं. त्या स्थितीत झटका देताच येत नाही. नुसतं दात-ओठ खाऊन रोखण्यात आणि यात फरक असा, की इथे ओढ तशीच राहू द्यायची आणि तिचा जोर आपोआप उतरताना पाहायचा. मी मान इतकी आवळायचो की संध्याकाळी दुखायची, आणि ते लोकांच्या नजरेतही यायचं. बाई म्हणाल्या, "निम्म्या जोराने करा." तेवढंच पुरलं. आवाजासाठी तोंड मिटून नाकाने संथ श्वास घ्यायचा.

मानेचे झटके बरेच कमी झाले, गेले नाहीत. जागरण झालं किंवा ताण असला की वाढतात. मध्येच डोळ्यांची जोरात उघडझाप सुरू झाली. टिक अशा कमी-जास्त होतात, जुनी मागे पडून नवी येते, हे आधी सांगितलेलं असल्याने घाबरलो नाही. तिच्यावर सध्या दर काही सेकंदांनी मुद्दाम सावकाश पापणी मिटायचा सराव चालू आहे, फक्त वाचताना तो जमत नाही.