नऊ वाक्ये, नऊ वेळा नाव

मार्चमधील एका दुपारी आमच्या महाविद्यालयातील एम.ए.ची एक विद्यार्थिनी लघुप्रबंधाचे दुसरे प्रकरण घेऊन आली. विषय होता ‘शेतकऱ्याचा असूड’. १८८३ साली लिहिलेल्या पाच प्रकरणांच्या या पुस्तकाचा सारांश तिने एकाच परिच्छेदात बसवला होता. परिच्छेदात नऊ वाक्ये होती आणि प्रत्येकाची सुरुवात ‘महात्मा फुले म्हणतात’, ‘महात्मा फुले यांच्या मते’ किंवा ‘महात्मा फुले सांगतात’ अशी होती. वाचताना प्रत्येक वाक्याशी अडखळायला होत होते, म्हणून मी समासात ‘नावाची पुनरुक्ती टाळावी’ एवढाच शेरा लिहून प्रकरण परत दिले. तो शेरा अपुरा होता, हे दुसऱ्या दिवशी कळले.

तिने पहिले वाक्य सोडून सगळीकडचे नाव काढून टाकले होते. त्यामुळे ‘ब्राह्मण कामगार, म्हणजे सरकारी नोकर, शेतकऱ्यांना लुटतात’ हे वाक्य १८८३ मधील लेखकाचे न राहता आजच्या विद्यार्थिनीचे, तेही वर्तमानकाळातले विधान झाले होते. बहिःस्थ परीक्षकाने त्याला आधार मागितला असता, तर तिच्याकडे उत्तर नव्हते. काही ठिकाणी नावाऐवजी सर्वनाम आले होते आणि तिथे वेगळाच घोटाळा झाला होता. एक वाक्य असे होते: ‘गोरे अधिकारी ऐषआरामात असतात, ते कामगारांवर विसंबतात आणि ते शेतकऱ्यांना लुटतात, असे ते सांगतात.’ यातला पहिला ‘ते’ अधिकाऱ्यांचा, दुसरा कामगारांचा आणि तिसरा फुल्यांचा. मराठीत आदरार्थी एकवचन आणि साधे अनेकवचन यांचे सर्वनाम एकच असल्यामुळे, ज्या सारांशात अनेक लोकांविषयी बोलायचे असते तिथे लेखकासाठी ‘ते’ वापरणे धोक्याचे ठरते.

मग आम्ही मूळ पुस्तक मध्ये ठेवून एकेक वाक्य तपासायला बसलो. पहिल्या वाक्यात लेखक, पुस्तक, साल आणि सारांशाची व्याप्ती सांगून टाकली, म्हणजे पुढचे सगळे कोणाचे आहे हे वाचकाला ठाऊक राहते. त्यानंतर वाक्याचा कर्ता लेखकाऐवजी पुस्तकाचा भाग किंवा त्यातला विचार केला. तासाभराने मजकूर असा झाला:

‘शेतकऱ्याचा असूड (१८८३) या पुस्तकात महात्मा फुले यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे आणि त्यावरचे उपाय पाच प्रकरणांत मांडले आहेत. पहिल्या प्रकरणाचा रोख धर्मविधींच्या निमित्ताने होणाऱ्या लुबाडणुकीवर आहे. दुसऱ्यात जबाबदारी राज्यकर्त्यांकडे जाते: गोरे अधिकारी ऐषआरामात गुंग असल्याने त्यांना शेतकऱ्याची स्थिती पाहण्यास सवड नसते आणि त्यांच्या गाफीलपणामुळे सरकारी खात्यांत ब्राह्मण कामगारांचे प्राबल्य होऊन शेतकरी लुटला जातो, असा हा युक्तिवाद आहे.’

‘असा हा युक्तिवाद आहे’ या चार शब्दांनी नाव न घेताही विधान लेखकाकडेच राहते. अशी खूण प्रत्येक वाक्याला लागत नाही. वर्णनपर वाक्याला ‘पहिल्या प्रकरणाचा रोख’ एवढे पुरते, पण आरोप किंवा वादग्रस्त मत आले की ती हवीच. पृष्ठक्रमांक मात्र आम्ही कुठेही गाळले नाहीत, कारण नाव गाळले म्हणून संदर्भ गाळता येत नाही.

आठव्या वाक्याशी आलो तेव्हा काम थांबले. ‘महात्मा फुले यांनी पाणलोट क्षेत्र विकासाची संकल्पना मांडली आहे’ असे ते वाक्य होते. ही आजची परिभाषा आहे. पलटणीतील आणि पोलीस खात्यातील शिपायांकडून बंधारे बांधून घ्यावेत, ही सूचना शेवटच्या प्रकरणात आहे. हा शब्दप्रयोग तिथे कुठेच नव्हता. शोधल्यावर तो तिच्या प्रतीच्या अलीकडच्या प्रस्तावनेत सापडला. प्रस्तावनाकाराचे मत फुल्यांच्या तोंडी गेले होते, आणि नऊही वाक्यांवर एकच शिक्का असल्यामुळे पहिल्या वाचनात ते माझ्याही लक्षात आले नव्हते. तिचे टिपण पाहिले, तर प्रस्तावना आणि मूळ मजकूर यांच्या नोंदी एकाच पानावर, एकाच शाईत होत्या.

ते वाक्य आम्ही दोन केले. बंधाऱ्यांच्या सूचनेत नाव आले नाही, कारण सारांश तिथेही चालूच होता. त्यानंतर ‘प्रस्तुत आवृत्तीच्या प्रस्तावनेत या सूचनेला पाणलोट क्षेत्र विकासाचा पूर्वविचार म्हटले आहे’ असे लिहिले. आता दुसरा आवाज आला होता, म्हणून तिथून मूळ पुस्तकाकडे परतताना ‘स्वतः फुले मात्र’ असे नाव पुन्हा घ्यावे लागले. अख्ख्या परिच्छेदात ते एवढ्या दोनच ठिकाणी उरले. ‘मॅडम, मग टिपणेही वेगळी करते,’ असे म्हणून तिने वही उघडली आणि प्रस्तावनेतल्या नोंदींभोवती हिरव्या शाईने चौकटी आखायला घेतल्या.